आईच्या फोटोचा दाणा

शेवंताबाईंचं पत्र येऊन आठ महिने झाले होते आणि झुलाल नानांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

उत्तर द्यायचंच नाही असं नानांनी कधी ठरवलं नव्हतं. उलट पत्र आलं त्याच दुपारी त्यांनी कागद घेतला, पेन झटकलं आणि 'शेवंताताईंस सप्रेम नमस्कार' एवढं लिहिलं. मग त्यांना वाटलं, सप्रेम जरा जास्तच होतं. त्यांनी दुसरा कागद घेतला. दुसऱ्यावर 'सादर' लिहिलं, ते कोरडं वाटलं. असे पाच कागद झाल्यावर नानांनी पत्र, पत्रासोबत आलेले दोन फोटो आणि पाच नमस्कार असं सगळं नकाशांच्या एका जाडजूड पुस्तकात सपाट ठेवलं आणि पुस्तक फळीवर सरकवलं. त्यानंतर त्या फळीकडे पाठ करून बसायची त्यांना सवय लागली.

नाना एकोणसत्तर वर्षांचे होते. धुळ्यात आग्रा रोडवरच्या एका फोटो स्टुडिओत त्यांनी चौतीस वर्षं रिटचिंग केलं होतं. फोटो काढायचे मालक. नाना मागच्या खोलीत बसून निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवायचे, देवीचे वण पुसायचे, प्रिंटवरचे पांढरे ठिपके ब्रशच्या टोकाने भरायचे. गिऱ्हाइकांशी बोलायचं काम त्यांच्याकडे नव्हतं, म्हणून तर ते चौतीस वर्षं टिकले. स्टुडिओ बंद झाला तेव्हा मालकाच्या मुलांनी जुन्या निगेटिव्ह रद्दीत घातल्या. नाना घरी येऊन पुस्तकं वाचत बसले.

पत्र कामिनीला सापडलं. कामिनी नानांची सून. वैशाखातली सकाळ होती, ती फळीवरची धूळ झटकत होती, पुस्तक हातातून निसटलं आणि सगळा ऐवज फरशीवर पसरला.

"नाना, हाई काय शे?"

नानांनी चष्मा काढून पुसायला घेतला. कामिनीने उभ्या उभ्याच पत्र वाचलं. मग खाली बसून मोठ्याने वाचलं, जणू नानांना ते ठाऊकच नव्हतं.

शेवंताबाईंनी सावद्याहून लिहिलं होतं. माहेर धुळ्याजवळच्या कापडण्याचं. एकेचाळीस वर्षांपूर्वी त्यांचं लग्न ठरलं तेव्हा आईने हट्ट धरला होता, शेवंता सासरी जायच्या आधी सगळं घर एका फोटोत यायला हवं. तो फोटो नानांच्या स्टुडिओत निघाला. नंतर तो शेवंताबाईंकडे आला आणि केळीच्या बागेतल्या घरात भिंतीवर राहिला. मागच्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली, फोटो काचेला चिकटला आणि सोडवायला गेले तर आईचा चेहरा काचेवरच राहिला. कागदावर उरला नुसता पांढरा डाग. आईचा दुसरा फोटो म्हणजे सोसायटीच्या कार्डासाठी काढलेला एक लहानसा, तेवढाच. गावात दोघा-तिघांनी तो चेहरा कॉम्प्युटरवर बसवून दिला, पण आई घरची वाटत नाही, भिंतीवर पोस्टर लावल्यासारखी दिसते.

'भाऊ, मला काचबिंदू आहे,' असं पुढे होतं. 'बाजूचं दिसत नाही. समोर एक गोल उरलाय, त्यात एका वेळी एकच चेहरा मावतो. डॉक्टर म्हणाले, हाही लहान होत जाईल. तो आहे तोवर आईला तिच्या जागी बघायचं आहे. तुम्ही चंदनदादाला त्या फोटोत असा बसवलात की आजवर कोणाला ओळखू आलं नाही. म्हणून तुम्हाला लिहिते. दोन्ही फोटो पाठवले आहेत. होत असेल तर हो कळवा, नसेल तर नाही कळवा. पण कळवा.'

कामिनी थांबली. "आठ महिना व्हई ग्यात, नाना! त्या बाईनी इतलं मन लाईसन लिखेल शे. तिना एकुलता फोटो तुम्ही नकाशामा दाबी ठेवा?"

"हात कापतो माझा," नाना म्हणाले. "ब्रश धरून पाहिला मी."

"मग नाही तरी लिहायचं!"

हात कापत होता हे खरं, पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण पत्रातल्या एका वाक्यात होतं. 'कोणाला ओळखू आलं नाही.' ते वाक्य वाचलं की नानांचे कान गरम व्हायचे.

त्या फोटोच्या दिवशी घरातला थोरला चंदन सुरतेला गिरणीत होता, त्याला रजा मिळाली नव्हती. आई म्हणाली, चंदनशिवाय फोटो नको. त्या काळी स्टुडिओत अशा कामाचा रिवाज होता. गैरहजर माणसाच्या जागी त्याच्याच अंगलटीचा कोणी बसवायचा आणि चेहरा मागाहून लावायचा. चंदनचा चुलतभाऊ बसला. चेहरा मिळाला तो शाळेच्या सातवीच्या ग्रुप फोटोतला, तुरीच्या डाळीएवढा. अठ्ठावीस वर्षांच्या झुलालने तो मोठा केला, तसा फिल्मचा दाणाही, म्हणजे ज्या बारीक कणांनी चित्र बनतं तो, साबुदाण्यासारखा मोठा झाला. दाणा लपवायला त्याने एन्लार्जरच्या लेन्सखाली मोजा ताणून धरला, तर चेहराच धुरकटला. तारीख गळ्याशी आलेली. झुलालने तोच चेहरा कापला, कडा मागून सँडपेपरने घासून पातळ केल्या, चिकटवला आणि सगळ्याचा पुन्हा फोटो काढला. आई फोटो घ्यायला आली. बराच वेळ बघत राहिली आणि काहीही न बोलता घेऊन गेली. त्या न बोलण्याचा अर्थ झुलालने लावला तो लावला, आणि एकेचाळीस वर्षं मनात ठेवला.

कामिनीला हे ठाऊक नव्हतं. तिने मोबाईल काढला. "जळगावला मयुरी आहे. माझ्या भावाच्या लग्नाचा अल्बम तिनेच केला. मामांचे डोळे मिटलेले होते, तिने दुसऱ्या फोटोतले उघडे डोळे लावले. मामींनासुद्धा कळलं नाही."

"मामींना आधीही कळायचं नाही," नाना पुटपुटले.

"उद्याच्या गाडीला बसायचं," कामिनी म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी पारोळा, एरंडोल करत एसटी जळगावला पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मयुरीचं दुकान एका कॉम्प्लेक्सच्या पहिल्या मजल्यावर होतं, एका बाजूला ब्युटी पार्लर, दुसऱ्या बाजूला झेरॉक्स. मयुरी तिशीच्या आतली, केस पेन्सिलने वर खोचलेले. तिने नानांना आधी पाणी दिलं, मग खुर्ची दिली आणि फोटो हातात घ्यायच्या आधी स्वतःचे हात धुतले. नानांना ती तिथेच आवडली.

"बापरे," फोटो उजेडाकडे तिरपा धरत ती म्हणाली, "कान राहिलाय. पदराची कड राहिलीय. कपाळावरचे केस पण आहेत. नाना, अर्धी आई शिल्लक आहे हो."

फोटोत पुढे खुर्च्यांवर तिघं होते. मधोमध आई, तिच्या उजव्या हाताला वडील, डाव्या हाताला चंदन. मागे शेवंता आणि दोन लहान भावंडं. त्यांच्या मागे स्टुडिओचा रंगवलेला पडदा, तळं, खांब आणि भरपूर आभाळ. मयुरीने दोन्ही फोटो स्कॅन केले.

"आधी सोपा रस्ता दाखवते," ती म्हणाली, "म्हणजे गावातल्यांचं काय बिघडलं ते कळेल." तिने एक बटण दाबलं. क्षणभरात पांढऱ्या डागाच्या जागी चेहरा आला. नाक होतं, डोळे होते, सगळं आईचं होतं, पण लोण्यात कोरल्यासारखं. गालाला गाल म्हणून काही नव्हतंच.

"गुळगुळीत," नाना म्हणाले.

"हे मशीन चेहरा बनवतं तो एका छोट्या चौकोनात. एकशे अठ्ठावीस ठिपके रुंद, एकशे अठ्ठावीस उंच. आणि आपल्या स्कॅनमध्ये आईचा चेहरा तीनशे ठिपके रुंद आहे. मग ते ताणून बसवतं. लहान मुलाचा सदरा मोठ्याला घातल्यासारखं. ताणलं की पुसट होतं. लोक म्हणतात पुसट आलं, आणि मग हे दुसरं बटण दाबतात."

तिने दुसरं बटण दाबलं. चेहरा खडबडून जागा झाला. डोळ्यांत चमक आली, भुवईचा केस न् केस वेगळा झाला.

नाना पुढे वाकले. "पापण्या मोजता येतात."

"मग?" मयुरीने विचारलं.

"या फोटोत कोणाच्याच पापण्या मोजता येत नाहीत. वडिलांच्या मिश्या बघा, एक काळा पट्टा आहे नुसता. आणि या पापण्या," नाना अडखळले, "या तिच्या आहेत कशावरून? मशीनने मनानेच घातल्या असतील."

मयुरीने खुर्ची वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "मनानेच घातल्यात. हे सांगायला मला गिऱ्हाइकाला अर्धा तास लागतो."

नानांनी लाजून पडद्यावरच्या तळ्याकडे बघायला सुरुवात केली.

मयुरीने दोन्ही चेहरे काढून टाकले आणि हाताने काम सुरू केलं. नाना बघत राहिले. त्यांना वाटलं होतं कॉम्प्युटरवर बटणंच असतात. पण ही पोर आधी नुसती मोजत होती. कार्डाचा फोटो लहान, पण त्यातला चेहरा मोठा होता आणि चांगल्या लेन्सने जवळून काढलेला, म्हणून त्यात या फोटोपेक्षा जास्त बारकावा होता. तो लहान करून तसाच बसवला असता तर सगळ्या घरात आईच तेवढी कोरीव दिसली असती. शिवाय त्यावर त्याचा स्वतःचा दाणा होता. लहान करताना तोही आक्रसून बारीक झाला असता, आणि शेजारच्यांचा दाणा भरड. म्हणून तिने आधी कार्डाच्या फोटोचा दाणा हलक्या हाताने उतरवला, मग चेहरा मापात आणला, आणि मग म्हणाली, "आता याला किती मऊ करायचं ते शेजाऱ्याला विचारायचं."

"म्हणजे?"

"काळ्यातून पांढऱ्यात जायला किती ठिपके लागतात ते बघायचं. हा आईचा डोळा, काळं बुबुळ संपून पांढरं सुरू होतं ते एका ठिपक्यात. इतकी धार या फोटोत नाही. शेजारी बसलेल्याच्या डोळ्याला किती लागतात ते मोजायचं आणि आईला तितकंच मऊ करायचं. एकाच रांगेत, कॅमेऱ्यापासून तितक्याच अंतरावर बसलाय तोच शेजारी घ्यायचा. मागच्या रांगेतला नाही चालत, तो फोकसमध्ये नसू शकतो."

आणि तिने चंदनच्या डोळ्यावर चौकट ओढली.

नानांचे कान गरम झाले. त्यांनी तोंड उघडलं. मयुरी आकडे वाचत होती, तिला मध्येच कसं थांबवायचं, असं वाटून त्यांनी तोंड मिटलं. आणि सांगायचं तरी काय, की बाई, तो डोळा माझ्या हातचा आहे? आत्ताच तर तिने कौतुक केलं होतं.

"नऊ," मयुरी म्हणाली. "बरंच मऊ आहे की."

ती कामाला लागली. चेहरा नऊ ठिपक्यांइतका मऊ केला. चंदनच्या गालावरचा दाणा मापला, तसाच भरड दाणा बनवून आईच्या गालावर घातला. मग चेहऱ्याच्या कडा पदरात आणि केसांत हळूहळू विरवल्या. फार सुबक हात होता. नाना तो हात बघत होते आणि आतून खचत होते. आपली चूक एकेचाळीस वर्षं भिंतीवर टांगलेली होती ती होतीच, आता ती या पोरीच्या हातून शेवंताबाईंच्या आईलाही लागत होती.

मयुरी मागे सरकली. डोकं वाकडं करून बघत राहिली.

"आकडे जुळतात," ती म्हणाली, "आणि चेहरा पडद्याआड गेलाय. कान आपला इकडे, चेहरा तिकडे. आणि हनुवटीजवळ बघा, गुळगुळीत पट्टा आलाय." तिने केसातली पेन्सिल काढली, पुन्हा खोचली. "कळत नाहीये. शेजारी तर बरोबर घेतलाय."

नानांनी गुडघ्यांवर हात ठेवले.

"शेजारी चुकीचा आहे," ते म्हणाले.

आवाज इतका बारीक आला की मयुरीने "काय?" विचारलं.

"चंदन. तो त्या दिवशी तिथे नव्हता. सुरतेला होता. तो चेहरा मी बसवलाय. पंचवीस-तीस पोरांच्या ग्रुपमधून काढून." मग थांबलो तर पुन्हा बोलता येणार नाही, या धास्तीने त्यांनी सगळं सांगितलं. तुरीची डाळ, साबुदाणा, लेन्सखालचा मोजा, सँडपेपर. "म्हणून तो नऊ आहे. म्हणून त्याचा दाणा भरड. तुम्ही माझ्या चुकीवरून माप घेतलंत. मला मघाशीच दिसलं होतं. बोललो नाही. माफ करा."

मयुरीने फोटो मोठा केला. चंदनचा कान, मानेवरची रेघ, कॉलर. वर गेली, खाली आली.

"जोड कुठे आहे?" तिने विचारलं.

"जबड्याखाली. कॉलरच्या सावलीत घेतलाय."

"मला दिसत नाहीये, नाना." तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "मी रोज हेच काम करते आणि मला जोड दिसत नाहीये. कात्री आणि सँडपेपर?"

"जोड कसा दिसेल? चिकटवून झाल्यावर सगळ्याचा पुन्हा एक फोटो काढायचो ना. त्या दुसऱ्या फिल्मचा दाणा सगळ्यांवर सारखा बसतो. जोडावर, चेहऱ्यावर, पडद्यावर. चंदनवर दोन दाणे आहेत, आतला त्याचा भरड आणि वरचा सगळ्यांचा. भरड आहे तो माझा गुन्हा. वरचा बरोबर आहे."

मयुरी एकदम ताठ बसली. "दाणा शेवटी."

"हो. शेवटीच. आधी सगळं चिकटवायचं."

"मी आधी दाणा घातला आणि मग कडा विरवल्या!" तिने कपाळावर हात मारला. "कडेला दोन दाणे एकमेकांत मिसळले, आणि मिसळले की दोघंही फिके पडतात. म्हणून तो पट्टा. नाना, तुम्ही दीड तास गप्प काय बसलात?"

"सवय आहे," नाना म्हणाले.

यावर मयुरी इतकी हसली की शेजारच्या पार्लरमधून कोणीतरी "काय गं?" म्हणून ओरडलं.

*

मग काम पुन्हा पहिल्यापासून झालं, आणि या खेपेला नाना खुर्ची ओढून जवळ बसले.

माप आता खुद्द आईच्या उरलेल्या कानावरून घेतलं. कानाच्या कडेवरून काळ्या केसांत जायला चार ठिपके लागत होते. वडिलांच्या डोळ्याला मोजले, तिथेही चार. आई, तिचा कान आणि तिचा नवरा एकाच मापात आले. चेहरा चारवर आणला. कार्डाच्या फोटोत पांढरं फार पांढरं होतं, ते वडिलांच्या कपाळाच्या छटेवर उतरवलं. कडा पदरात विरवल्या. या टप्प्यावर चेहरा जागेवर बसला होता, पण नुकत्याच धुतलेल्या फरशीसारखा कोरा होता. आजूबाजूच्या सगळ्यांवर बारीक खसखस आणि आई स्वच्छ.

"आता दाणा," मयुरी म्हणाली. तिने आधी कॉम्प्युटरचा तयार दाणा टाकून दाखवला. तो पीठ भुरभुरल्यासारखा दिसला. "हा एकेका ठिपक्याचा असतो, सुटा सुटा. फिल्मचा गुच्छ असतो, तीन-चार ठिपक्यांचा. तो खराच मिळाला तर बरं. पण घ्यायचा कुठून? गालावरून घेतला तर दाण्याबरोबर गालही येईल."

"आभाळावरून घ्या," नाना म्हणाले.

"कुठल्या?"

"पडद्यावरच्या. पडदा लांब होता, फोकसच्या बाहेर आहे. रंगवलेलं सगळं विरघळून गेलंय. पण दाणा फिल्ममध्ये असतो, पडद्यावर नसतो. लेन्सने कितीही पुसट केलं तरी तो पुसट होत नाही. तिथे दुसरं काहीच नाही, नुसता दाणा आहे."

मयुरीने आभाळ मोठं केलं. धुरकट राखाडी रंगात दाणा लख्ख उभा होता, तांदळाच्या कण्या पसरल्यासारखा. ती बघत राहिली आणि म्हणाली, "आठ वर्षं मी पडद्यांकडे पडदा म्हणूनच बघत आले."

तिने आभाळातला दाणा उचलला आणि चेहऱ्यावर, कडांवरून पुढे थोडा आतल्या पदरापर्यंत पसरला. नाना बोट दाखवत गेले. "कपाळावर कमी. उजळ भागात दाणा दिसत नाही फारसा. केसांतही कमी, तिथे काळोखात बुडतो. गालाच्या सावलीत पूर्ण. हां. तिथे पूर्ण." त्यांचं बोट कापत होतं, पण ते दाखवायचं बोट होतं, ब्रश धरायचं नव्हतं, आणि मयुरीचा हात अजिबात कापत नव्हता. कॉम्प्युटरच्या पाटीवर तिचं पेन फिरत होतं तिथे तिथे आई फोटोत उतरत होती. कुठून बसवली ते सांगता येईना. फार सुंदर होती असंही नाही. दमलेली, लेकीच्या लग्नाच्या धावपळीतली एक बाई, खुर्चीच्या कडेवर बसलेली.

नानांना वाटलं, चौतीस वर्षांत आपण इतकं चांगलं काम एकदाही केलं नाही. आणि त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही, याचं त्यांना नवल वाटलं.

"आता परीक्षा," मयुरी म्हणाली आणि प्रिंट काढून भिंतीकडे तोंड करून हाक मारली. "सुलक्षणाताई!"

सुलक्षणा पार्लर चालवायची. रोज पंचवीस चेहरे हाताखालून जायचे तिच्या. मयुरीचा नियम होता, चेहरा बदललेला कुठलाही फोटो सुलक्षणाला दाखवल्याशिवाय गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, आणि तिला आधी काहीच सांगायचं नाही. एका हाताला मेंदी लागलेली सुलक्षणा दारात आली.

"कोण खटकतंय?" मयुरीने विचारलं.

सुलक्षणाने प्रिंट हातभर लांब धरला. तिची नजर वडिलांवरून गेली, आईवर आली, पुढे सरकली, आणि मेंदीचं बोट खाली आलं.

"हाऊ," ती म्हणाली. "हाऊ पोऱ्या आठला नही शे."

बोट चंदनवर होतं. हा पोरगा इथला नाही, असं ती म्हणत होती.

मयुरीने तोंडावर हात घेतला. सुलक्षणा दोघांकडे आळीपाळीने बघू लागली. "काय व्हयनं? चुकलं का? कोणी बसवला याला?"

"मी," नाना म्हणाले. "एकेचाळीस वर्षं झाली."

"मग बाबा, हात जरा कच्चा होता तुमचा," सुलक्षणा म्हणाली, आणि आतलं गिऱ्हाइक ओरडायला लागलं म्हणून निघून गेली.

आणि झुलाल नाना हसले. इतक्या वर्षांची भीती होती ती एवढीच होती, कोणीतरी बोट ठेवील. बोट ठेवलं गेलं, मेंदीचं होतं, आणि काही झालं नाही.

"मधल्या बाईबद्दल ती काही बोललीच नाही," मयुरी हळूच म्हणाली. "मधल्या बाईवर ती थांबलीसुद्धा नाही, नाना."

"हो. पाहिलं मी."

मयुरीने पेन पुन्हा उचललं. "चंदनलाही करू या का? त्याचा एखादा बरा फोटो असेल त्यांच्याकडे. चारवर आणू."

नानांनी फोटोकडे पाहिलं. चंदन आपला धुरकट, सातवीतल्या डोळ्यांनी बघत बसला होता. आई त्याच्याकडे किंचित झुकल्यासारखी दिसत होती, म्हणजे खरं तर चुलतभावाकडे.

"ते मी कसं ठरवू?" ते म्हणाले. "त्या ठरवतील. विचारतो."

*

दुसऱ्या दिवशी धुळ्यात सकाळी नाना पत्र लिहायला बसले. कामिनीने चहा ठेवला आणि मुद्दाम समोरच भाजी निवडत बसली. सहावा नमस्कार लिहिताना नाना अडले नाहीत.

'शेवंताताईंस नमस्कार. आपले दोन्ही मूळ फोटो आणि नवा प्रिंट सोबत आहेत. उशीर माझ्यामुळे झाला, कामामुळे नाही. काम जळगावच्या मयुरीने केलं. तिचा हात फार चांगला आहे. आईंचा चेहरा कार्डाच्या फोटोतला आहे. त्यात जितकं होतं तितकंच ठेवलं आहे, मनाने एकही पापणी घातलेली नाही. ज्या दिवशी तुम्ही सगळे पडद्यापुढे बसला होतात त्या दिवशीच्या उजेडात आई जशी दिसली असती तशी दिसावी, एवढाच प्रयत्न आहे.

तुम्ही लिहिलंत की चंदनचं कोणाला ओळखू आलं नाही. ते बरोबर नाही. काल एका बाईंनी क्षणात ओळखला. एकेचाळीस वर्षांपूर्वी मला धार आणि दाणा दोन्ही जुळवता आले नव्हते आणि मी ते कोणाला बोललो नाही. आई फोटो घेऊन गेल्या तेव्हा काही म्हणाल्या नाहीत, त्यांना आवडला नसावा असं मी समजतो. चंदनचा दुसरा फोटो तुमच्याकडे असेल आणि तुमची इच्छा असेल तर तोही नीट करता येईल. तुमच्या गोलात आधी आईला बघा. मग चंदनला. मग जे वाटेल ते कळवा.'

कामिनीने भाजी बाजूला सारून पत्र वाचलं. "आईले आवडना नही, हाई कशावरून?"

"बोलल्या नाहीत ना."

"नाना," कामिनी म्हणाली, "तुम्हीबी आठ महिना बोलनात नही. तुमले पत्र आवडनं नव्हतं का?"

नानांनी त्या वाक्यावर पेन टेकवलं, खोडणार होते, मग 'समजतो' पुढे 'चूकही असेल' एवढं घातलं.

दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये तिन्ही फोटो ठेवून पाकीट कामिनीने शिवलं. टपाल कचेरीपर्यंत ती सोबत यायला निघाली होती, पण नाना नको म्हणाले. खिडकीवर चार माणसं पुढे होती. नानांची पाळी आली तेव्हा आतल्या बाईने विचारलं, "स्पीड पोस्ट करायचं?"

"हो," नाना म्हणाले. "सगळ्यात लवकर जाईल ते."

तिने पाकिटाचं वजन केलं, शिक्का मारला आणि ते मागच्या ट्रेमध्ये टाकलं. नाना पावती हातात धरून खिडकीपाशीच उभे राहिले, मागच्या माणसाने "आबा, झालं ना तुमचं?" असं विचारेपर्यंत.

"झालं," नाना म्हणाले, आणि बाजूला झाले.